वेतनचिठ्ठी

वेतनचिठ्ठी (सॅलरी स्लिप) हा महिन्याच्या पगाराचा हिशेब होय. तिच्यात ठोक वेतन म्हणजे सर्व भत्त्यांसह होणारी पगाराची बेरीज, तीतून होणाऱ्या कपाती आणि उरलेले निव्वळ वेतन, म्हणजे हातात पडणारा पगार, अशा तीन रकमा असतात. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ औद्योगिक वसाहतीतील कापड कारखाने किंवा अकोल्यातील डाळ व तेल गिरण्या अशा खाजगी आस्थापनांत मिळणाऱ्या चिठ्ठीचाच विचार येथे केला आहे, कारण सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीचे नियम निराळे असतात.

उदाहरणादाखल एका पुरुष कामगाराची पूर्ण महिन्याची चिठ्ठी घेतली, तर तिच्या डाव्या बाजूला मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 14,000, घरभाडे भत्ता 1,500 आणि विशेष भत्ता 2,500 असे एकूण 18,000 रुपये ठोक वेतन दिसते. उजव्या बाजूला भविष्य निर्वाह निधीची 12 टक्के वर्गणी 1,680, कर्मचारी राज्य विमा योजनेची ठोक वेतनावर 0.75 टक्का वर्गणी 135 (ही योजना दरमहा 21,000 पर्यंत वेतन असणाऱ्यांनाच लागू आहे) आणि राज्याचा व्यवसाय कर 200, अशी 2,015 रुपयांची कपात असते. म्हणून निव्वळ वेतन 15,985 होते. त्याच महिन्यात 1,000 रुपयांची उचल वळती झाली असेल, तर बँकेत 14,985 जमा होतात. परंतु उचल म्हणजे आधीच घेतलेला पगार असल्यामुळे या महिन्याची खरी मिळकत 15,985 हीच धरणे योग्य ठरते. महाराष्ट्रात व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 रुपये कापला जातो आणि दरमहा 25,000 पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, त्यामुळे शेजारच्या यंत्रावर त्याच पगाराने काम करणाऱ्या स्त्रीच्या हाती 200 रुपये अधिक पडतात, यात हिशेबाची चूक नसते.

नोकरीच्या पत्रातील आकडा मात्र पुष्कळदा ठोक वेतनाहूनही मोठा असतो, कारण त्यात कामगारामागे मालकाला येणारा सगळा खर्च धरलेला असतो. वरील कामगारासाठी मालक निधीत 1,680, राज्य विम्यात 3.25 टक्क्यांप्रमाणे 585 आणि निधीशी जोडलेला विमा व प्रशासन खर्च यांपोटी सुमारे 140 रुपये भरतो, म्हणून 18,000 चा पगार पत्रात 20,405 असा दिसतो. मालकाने भरलेले 1,680 ही सगळेच कामगाराच्या शिल्लक रकमेत जात नाहीत: 8.33 टक्के, म्हणजे 1,166 रुपये, निवृत्तिवेतन योजनेत वळतात आणि 514 रुपये निधीत राहतात. परिणामी पासबुकात त्या महिन्याची निधीजमा 2,194 रुपये, तर निवृत्तिवेतनाची रक्कम वेगळ्या रकान्यात दिसते. दुप्पट वर्गणीची अपेक्षा ठेवणाऱ्याला हा आकडा कमी वाटतो, पण तो बरोबर असतो.

खरी शंका घ्यावी ती वर्गणीच्या पायाविषयी. विशेष भत्ता सर्वांना सरसकट मिळत असेल, तर तो मूळ वेतनाचाच भाग मानून त्यावरही वर्गणी आकारली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये दिला. त्यानुसार वरील चिठ्ठीतील पाया 14,000 नसून 16,500 ठरतो. वर्गणीची सक्ती 15,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंत असल्याने वर्गणी 1,800 व्हायला हवी. अशी दुरुस्ती झाल्यास हातात 120 रुपये कमी येतात आणि मालकाचाही जवळजवळ तेवढाच भार वाढतो. पगार कमी झाल्याची तक्रार कामगार करतो ती याच ठिकाणी, आणि भत्ता वेगळा दाखवण्यात मालकाचा फायदा असतो तोही इथेच. याउलट मालकाचा हिस्साही ठोक वेतनातूनच वजा केलेला असेल, म्हणजे कपातीच्या रकान्यात 1,680 दोनदा येऊन डाव्या बाजूला त्याची जमा नसेल, तर ती कपात निधी योजनेच्या नियमांविरुद्ध असते.

कपात झाली म्हणजे भरणा झाला असे चिठ्ठीवरून सिद्ध होत नाही. मालकाने ही रक्कम पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. ती आली की नाही हे चिठ्ठीवरील बारा अंकी युएएन क्रमांकाने भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पासबुकात पाहता येते. एखाद्या महिन्याची नोंद मागाहून होते, पण सलग दोनतीन महिने कोरे राहिले आणि चिठ्ठीत मात्र 1,680 कापलेले असले, तर त्या चिठ्ठ्या जपून ठेवून भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करता येते. असे कार्यालय अकोल्यात आहे.