पश्मिना शाल ओळखताना : दशा, वीण आणि लेबलचे फोटो

हिवाळा सुरू झाला की इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद अशा शहरांत काश्मिरी शालींचे विक्रेते येतात आणि प्रदर्शने भरतात. आता त्याच शालींचे फोटो मोबाइलवरही येऊ लागले आहेत. आपल्याकडे साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन किंवा एखाद्या ज्येष्ठांचा सत्कार असला की शाल लागतेच, आणि अशा वेळी 'चांगली पश्मिना घेऊ' असे घरात ठरते. फोटो पाहून शाल अस्सल आहे की मिश्र किंवा कृत्रिम धाग्याची, हे कितपत सांगता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

पश्मिना म्हणजे नेमके काय

लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा पशुपालक ज्या शेळ्या पाळतात, त्यांच्या अंगावर कडाक्याच्या थंडीत राठ केसांखाली अतिशय मऊ लव वाढते. ही लव म्हणजे पश्म. वसंतात ती गळू लागते तेव्हा विंचरून काढतात. तिचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस या तंतूच्या कितीतरी पट जाड असतो. विंचरलेल्या लोकरीतून राठ केस काढून टाकल्यावर फार थोडी पश्म उरते, त्यामुळे एका शालीसाठी दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लोकर लागते. पुढे काश्मीरमध्ये स्त्रिया ती चरख्यावर काततात आणि विणकर हातमागावर विणतात.

'काश्मीर पश्मिना' या नावाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी तंतू शुद्ध पश्म असावा, त्याची जाडी १६ मायक्रॉनपर्यंत असावी, आणि कताई व विणकाम दोन्ही हाताने झालेले असावे, अशा अटी आहेत. बाजारात मात्र 'पश्मिना' हे नाव मेंढीच्या बारीक लोकरीला, व्हिस्कोसला आणि अ‍ॅक्रिलिकलाही सर्रास लावले जाते. मेंढीच्या बारीक लोकरीच्या शालीला काश्मीरमध्ये रफल म्हणतात. रफल ही चांगली, उबदार शाल आहे. तक्रार फक्त ती पश्मिना म्हणून आणि पश्मिनाच्या भावाने विकली जाते तेव्हाची.

कोणते फोटो मागवावेत

विक्रेता सहसा घडी घातलेल्या शालीचा एक देखणा फोटो पाठवतो. त्यावरून रंगापलीकडे काही कळत नाही. पुढील चार फोटो मागावेत.

१. दशांचा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून.
२. लांब बाजूच्या काठाचा, अगदी जवळून.
३. शाल खिडकीसमोर धरून, उजेड आरपार येईल असा.
४. लेबल आणि शालीचा कोपरा एकाच चौकटीत दिसेल असा.

फ्लॅश वापरू नये, कारण त्यात साधा धागाही चमकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतला बारीक तपशील पुसला जातो, म्हणून हे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे.

दशा : फक्त उभा धागा दाखवतात

शालीच्या दोन आखूड बाजूंना सुटे राहणारे धागे म्हणजे दशा. हे मागावरच्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे टोक असते. त्यामुळे दशांवरून ताणा कळतो, बाणा, म्हणजे आडवा धागा, कळत नाही. ताणा रेशमाचा आणि बाणा पश्मचा असलेली शाल विणतातच, आणि तिच्या दशा चमकदार दिसणार. लेबलवर 'रेशीम-पश्मिना' असे स्पष्ट लिहिले असेल तर त्यात फसवणूक नाही.

हाताने कातलेल्या पश्मचा धागा नाजूक असतो. म्हणून साध्या शुद्ध शालीच्या दशा बहुधा आखूड आणि सुट्या ठेवलेल्या असतात. जवळच्या फोटोत त्यांचे धागे कमी-अधिक जाडीचे दिसतात, त्यांना चमक नसते, आणि टोके विसकटून मऊ लव झालेली असते. याउलट लांब, दोरीसारखे पीळ दिलेले, सगळे एकाच जाडीचे आणि चकाकणारे गोंडे दिसले तर ताणा यंत्रावर काढलेल्या धाग्याचा आहे असे समजावे. पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या अखंड धाग्याचे टोक सरळ आणि स्वच्छ कापलेले दिसते, त्याला लव नसते.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. अ‍ॅक्रिलिकच्या धाग्यालाही लव असते, त्यामुळे केवळ लव पाहून खात्री मानू नये. आणि घरातल्या जुन्या शालीच्या दशा झिजल्यावर रफूगराकडून नव्या बसवलेल्या असू शकतात. आजीची शाल निव्वळ दशांवरून खोटी ठरवणे बरोबर नाही.

काठ आणि वीण : बाणा इथे दिसतो

हातमागावर आडवा धागा धोट्यातून एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो आणि तिथून वळून परत येतो. त्यामुळे लांब बाजूचा काठ बंद आणि किंचित नागमोडी असतो. आजच्या बहुतेक वेगवान यंत्रमागांवर धोटा नसतो. तिथे प्रत्येक आडवा धागा काठाशी कापला जातो आणि काठावर बारीक दाढीसारखी टोके उभी राहतात. माहेश्वरी किंवा चंदेरी साडीचा काठ निरखायची सवय असलेल्यांना हा फरक लगेच दिसेल. काठ दुमडून शिवलेला असेल तर शाल मोठ्या पन्ह्याच्या कापडातून कापलेली असण्याची शक्यता आहे.

उजेडासमोरच्या फोटोत विणीची घनता दिसते. हाताने कातलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो, म्हणून वीण थोडी कमी-जास्त दाट दिसते आणि आडव्या रेघा अगदी समांतर नसतात. साध्या पश्मिना शालीत तिरकी वीण किंवा बारीक चौकटींची 'चश्म-ए-बुलबुल' वीण नेहमी आढळते. चौकटी दिसल्या म्हणून शाल अस्सल ठरत नाही, कारण तशी वीण यंत्रावरही निघते. पाहायचे ते इतकेच की चौकटी छापल्यासारख्या तंतोतंत एकसारख्या आहेत की त्यांत हाताचा चढउतार आहे.

या खुणांची मर्यादाही समजून घ्यावी. विणीतला चढउतार हाताचे काम दाखवतो, तंतू कोणता आहे ते दाखवत नाही. रफलही हातमागावर विणली जाते. उलट शुद्ध पश्म यंत्रावरही कातली जाते. तेव्हा नाजूक तंतूला ताण सोसावा म्हणून त्यात नायलॉन मिसळतात आणि विणून झाल्यावर ते आम्लाने विरघळवतात. अशी शाल पश्मची असली तरी आम्लामुळे तिचा तंतू दुबळा होतो, आणि मानांकनाच्या अटीत ती बसत नाही.

लेबल : पुरावा नव्हे, दावा

कापडी लेबल कोणीही छापून शिवू शकतो, त्यामुळे '१०० टक्के पश्मिना' एवढ्या शब्दांना फारसे वजन नाही. 'सेमी पश्मिना', 'पश्मिना टाइप', 'व्हिस्कोस पश्मिना' हे शब्द मात्र उपयोगी आहेत, कारण त्यांत विक्रेत्यानेच शाल शुद्ध नसल्याचे सांगितलेले असते. लेबलवर वूलमार्कची खूण असेल तर ती मेंढीच्या लोकरीची खूण आहे. धाग्यांची टक्केवारी आणि उत्पादकाचा पत्ता आहे का, हेही पाहावे.

भौगोलिक मानांकनाचे लेबल वेगळे असते. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमधील केंद्रात शालीची तपासणी झाल्यावर ते त्या शालीवर लावतात आणि त्यावर स्वतंत्र क्रमांक असतो. फोटोतला क्रमांक त्या केंद्राकडे पडताळून घ्यावा. लेबल आणि शालीचा कोपरा एकाच फोटोत मागायचे कारणही हेच, की एका शालीच्या लेबलचा फोटो दुसऱ्या शालीसाठी दाखवता येतो.

एक उदाहरण

समजा, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी ३,५०० रुपयांची 'शुद्ध पश्मिना' शाल पसंत पडली आहे. पहिल्या फोटोत तीन बोटे लांबीचे, पीळ दिलेले, चमकदार गोंडे दिसतात. यावरून ताणा पश्मचा नाही असा संशय येतो, पण तो रेशमाचाही असू शकेल. दुसऱ्या फोटोत काठावर कापलेल्या धाग्यांची दाढी दिसते, म्हणजे विणकाम यंत्रमागाचे आहे. उजेडासमोरची वीण आलेखाच्या कागदासारखी एकसारखी आहे, म्हणजे धागाही यंत्रावर कातलेला. लेबलवर '१०० टक्के पश्मिना, काश्मीर' एवढेच आहे. पत्ता नाही, क्रमांक नाही.

इथपर्यंत दोन गोष्टी निश्चित झाल्या. ही हाताने कातून विणलेली काश्मीर पश्मिना नाही. आणि ताणा रेशमाचा असेल तर '१०० टक्के' हे खोटे आहे, तो कृत्रिम असेल तर ते अधिकच खोटे आहे. बाणा कशाचा आहे हे मात्र फोटो सांगत नाही. त्यासाठी विक्रेत्याच्या संमतीने ताण्याचा आणि बाण्याचा एकेक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. धागा वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम, कागद जळल्यासारखा वास आला तर बहुधा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास येऊन चुरगळणारी राख उरली तर लोकर, पश्म किंवा रेशीम. म्हणजे ही कसोटीही रफल आणि पश्मिना यांत फरक करत नाही. अंगठीतून शाल ओढून दाखवणे तर त्याहून निरुपयोगी, कारण पातळ व्हिस्कोसची शालही सहज निघते.

शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. तिथे तंतूची जाडी मोजता येते, आणि मेंढीच्या लोकरीपेक्षा पश्मवरचे खवले पातळ आणि अधिक अंतरावर असल्याचे दिसते. पश्मिना वस्तूंची ओळख आणि लेबल यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०१९ मध्ये स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले आहे.

थोडक्यात, फोटोवरून शाल नाकारता येते, स्वीकारता येत नाही. चारही फोटोंत शंका घेण्यासारखे काही नसेल, तरी पश्मिनाची मोठी किंमत मोजण्यापूर्वी क्रमांक पडताळावा किंवा तपासणीचा दाखला मागावा. तो मिळत नसेल आणि उबदार शालच हवी असेल, तर 'रफल' म्हणून विकली जाणारी रफल तिच्या योग्य भावाने घ्यावी. सत्काराला ती कमी पडत नाही.