आमरस की आंबापोळी? जास्तीत जास्त नफ्याचा कोपरा असा सापडतो

रत्नागिरीत कॅनिंगचा आंबा घेऊन आमरसाचे डबे आणि आंबापोळी करणारा एक छोटा घरगुती उद्योग आहे असं समजा. डब्यामागे ४० रुपये सुटतात, तर किलोभर आंबापोळीमागे ९०. मग जमेल तेवढी आंबापोळीच करावी का?

आधी अडचणी बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत. दिवसाला आंबा २४० किलो मिळतो. डब्याला २ किलो लागतो, किलोभर आंबापोळीला ६. हातात कामाची ९०० मिनिटं आहेत. डब्याला १० मिनिटं जातात, आंबापोळीला १५. वाळवायच्या ताटांत दिवसाला ३० किलोच आंबापोळी मावते. डबे x आणि आंबापोळी y मानली, तर:

```
2x + 6y ≤ 240
10x + 15y ≤ 900
y ≤ 30
x ≥ 0, y ≥ 0
```

प्रत्येक अटीची रेषा आलेखावर काढायची. सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा भाग रंगवला की मिळतो 'फीजिबल रिजन', म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या पर्यायांचा प्रदेश.

या प्रदेशात असंख्य बिंदू आहेत, पण सगळे तपासावे लागत नाहीत. समान नफा देणारे बिंदू एका सरळ रेषेवर येतात. नफा वाढवत नेला की ही रेषा स्वतःला समांतर राहून बाहेर सरकते आणि प्रदेश सोडताना शेवटी एखाद्या कोपऱ्याला टेकते. म्हणून फक्त कोपरे तपासायचे:

- (०, ०): ० रुपये
- (९०, ०): ३६०० रुपये
- (६०, २०): ४२०० रुपये
- (३०, ३०): ३९०० रुपये
- (०, ३०): २७०० रुपये

म्हणजे ताटं भरून ३० किलो आंबापोळी केली, तर ३०० रुपये कमीच मिळतात. ६० डबे आणि २० किलो आंबापोळी हा सर्वांत फायद्याचा मेळ आहे.

इथे एक चूक हमखास होते. वेळेची आणि ताटांची रेषा (४५, ३०) या बिंदूत छेदतात. तिथे नफा ४५०० दिसतो, पण त्यासाठी २७० किलो आंबा लागेल. हा बिंदू रंगवलेल्या भागाबाहेर आहे. दोन रेषा छेदल्या म्हणजे कोपरा झाला असं नाही. तो बिंदू प्रत्येक अटीत घालून बघावा लागतो.

याच आलेखातून आणखी एक गोष्ट कळते. निवडलेल्या कोपऱ्यावर आंबा आणि वेळ पूर्ण वापरले जातात, ताटांत मात्र १० किलोंची जागा रिकामी राहते. त्यामुळे नवी ताटं घेऊन नफा वाढणार नाही. आंबापोळीचा नफा किलोला १२० रुपये झाला, तर (६०, २०) आणि (३०, ३०) दोन्हीकडे ४८०० रुपयेच मिळतात. त्याहून वाढला, तरच जास्त आंबापोळी करणं परवडेल.

दोन पदार्थांपर्यंत कागदावरचा आलेख पुरतो. पदार्थ वाढले की जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत कामी येते. तीही एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर जात नफा वाढवत राहते.