नो-कॉस्ट ईएमआय की कार्डाची सवलत? ४५ हजारांच्या फ्रिजचा हिशेब

सांबरा : गणपतीच्या आधी आणि दसरा-दिवाळीला मोबाईलवर ऑनलाइन सेल सुरू झाले की सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा भागातल्या घराघरांत एकच प्रश्न असतो. फ्रिज घ्यायचा आहे, पण हप्त्यावर घ्यावा की एकदम पैसे भरून? स्क्रीनवर ‘नो-कॉस्ट ईएमआय’ असे मोठ्या अक्षरांत असते, त्याच्या खाली ‘बँक ऑफर’ आणि आणखी खाली ‘कॅशबॅक’. बहुतेकांना वाटते की तिन्ही फायदे एकदम मिळतील. तसे क्वचितच होते. एक घेतला की दुसरा बऱ्याचदा हातातून जातो, आणि नो-कॉस्ट ईएमआयची खरी किंमत तिथेच असते.

आधी हे व्याजाचे गणित समजून घ्यावे लागते. बँक फुकट कर्ज देत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रक काढून स्पष्टच सांगितले होते की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार अस्तित्वात नाही. वस्तूवर सूट असेल तर व्याजदर कमी दाखवू नका, सूट वजा करून कर्जाची रक्कमच कमी धरा, असेही त्यात होते. आजचा नो-कॉस्ट ईएमआय याच पद्धतीने चालतो. बँक नेहमीप्रमाणे व्याज लावते आणि तेवढीच रक्कम विक्रेता किंवा कंपनी आधीच किमतीतून सोडते.

समजा फ्रिजची किंमत ४५,००० रुपये, सहा हप्ते आणि बँकेचा दर वर्षाला १६ टक्के. हप्ता ७,५०० रुपयांचा. बँकेच्या खात्यात कर्ज मात्र ४२,९७३ रुपयांचेच पडते. उरलेले २,०२७ रुपये म्हणजे विक्रेत्याने सोडलेली सूट, आणि तेच सहा महिन्यांत व्याज म्हणून बँकेकडे जातात. इथपर्यंत ग्राहकाचे काही गेले नाही. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो विक्रेता सोसत नाही. २,०२७ वर तो ३६५ रुपये होतो. शिवाय बँकेची प्रोसेसिंग फी. ती १९९ धरली तर जीएसटीसह २३५. म्हणजे ‘नो-कॉस्ट’ फ्रिज ४५,६०० रुपयांना पडला. पहिल्या बिलात ७,५०० च्या जागी ७,८३८ रुपये दिसले की अनेकजण बँकेला फोन लावतात. चूक नसते, फी आणि पहिल्या महिन्याच्या व्याजावरचा जीएसटी त्यात धरलेला असतो.

सहाशे रुपये म्हणजे फार नाहीत, असे वाटेल. पण आता दुसरी बाजू बघू. त्याच फ्रिजवर एकदम पैसे भरणाऱ्याला एका बँकेच्या कार्डावर २,००० रुपयांची झटपट सूट आहे आणि ती फक्त पूर्ण भरण्यावरच लागू आहे असे धरू. किंमत झाली ४३,०००. त्या कार्डावर पाच टक्के कॅशबॅक असेल तर आणखी २,१५० रुपये परत येतात. हिशेब ४०,८५० वर थांबतो. आधीच्या ४५,६०० शी तुलना केली तर फरक ४,७५० रुपयांचा.

हा फरक म्हणजेच त्या ‘बिनव्याजी’ कर्जाचे खरे व्याज. रोख ग्राहकाला ४०,८५० ला मिळणारी वस्तू सहा महिन्यांत ४५,६०० देऊन घेतली, तर वर्षाचा दर ३८ टक्क्यांच्या वर जातो. त्यापेक्षा घरातले सोने ठेवून किंवा पतसंस्थेतून १२ टक्के दराने ४०,८५० काढून सहा हप्त्यांत फेडले, तर एकूण सुमारे ४२,३०० रुपये लागतात. त्यात तिथली फी वेगळी धरायची, पण ती तीन हजारांपर्यंत क्वचितच जाते.

आणखी एक गंमत. काही वेळा बँकेची सूट साध्या, म्हणजे व्याजाच्या ईएमआयवर मिळते आणि नो-कॉस्टवर मिळत नाही. ४३,००० वर १६ टक्क्यांनी सहा हप्ते केले, तर व्याज, जीएसटी, फी सगळे धरून ४५,६२९ रुपये होतात. नो-कॉस्टपेक्षा फक्त २९ रुपये जास्त!

मग नो-कॉस्ट कधी घ्यावा? बँकेची २,००० ची सूट ईएमआयवरही असेल आणि एकदम भरून कॅशबॅक मिळणारच नसेल, तेव्हा. अशा वेळी रोखीला ४३,००० आणि हप्त्यांना सुमारे ४३,५८४ पडतात. वरचे ५८४ रुपये म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के व्याज. एवढ्या स्वस्तात कर्ज दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही. पगारदार माणसाने ते खुशाल घ्यावे.

आता कॅशबॅक एकावर एक रचण्याविषयी. क्रम साधारण असा असतो: आधी कूपन, मग उरलेल्या रकमेवर बँकेची सूट, आणि शेवटी कार्डावर जी रक्कम प्रत्यक्ष पडली तिच्यावर कॅशबॅक. म्हणून पाच टक्के ४५,००० वर धरून चालत नाही. अडचणी तीन. पहिली, ईएमआय केला की कॅशबॅक बहुधा जातो. अॅमेझॉन पे आयसीआयसीआय आणि एसबीआय कॅशबॅक या दोन्ही कार्डांच्या अटींत ईएमआयचे व्यवहार वगळलेले आहेत. दुसरी, कॅशबॅकला महिन्याची मर्यादा असू शकते. ती एक हजार असेल तर आपल्या उदाहरणातला फ्रिज ४०,८५० नव्हे, ४२,००० ला पडतो. तिसरी, सेलच्या बँक ऑफरमधून त्याच बँकेची को-ब्रँडेड कार्डे कधीकधी वगळलेली असतात. ‘अटी लागू’ वर बोट दाबले की हे तिथेच लिहिलेले दिसते. तेवढे दोन मिनिटांचे वाचन कुणी करत नाही.

एकदम भरण्याचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे. बिल आले की तारखेच्या आत पूर्ण भरायचे. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली, तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. ४३,००० वर ते महिन्याला दीड हजार होते. दोन महिन्यांत कॅशबॅक संपला. उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या घराने हे आधी ठरवावे, कारण कारखान्याची तारीख आणि कार्डाची तारीख जुळत नाही.

फ्रिज डाग पडलेला आला आणि परत केला, तर ईएमआयच्या बाबतीत जास्त लक्ष द्यावे लागते. पैसे कार्डावर परत आले तरी काही बँकांत हप्ते आपोआप बंद होत नाहीत. फोन करून ईएमआय रद्द करायला सांगावे लागते. तोवर लागलेले व्याज आणि प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही. मुदतीआधी कर्ज फेडायचे तरी बँक वेगळी फी घेऊ शकते. कॅशबॅकही वस्तू परत केली की मागे घेतला जातो.

कोल्हापूर किंवा गोव्यातून मागवल्यास कर वाचेल, असा समज अजून काहींचा आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून फ्रिजवरचा कर सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. जुना फ्रिज बदल्यात देण्याची सोय मात्र पिनकोडनुसार बदलते. बेळगाव शहरात ती दिसते म्हणून खेड्यात मिळेलच असे नाही. त्यामुळे घरचा पिनकोड टाकून, पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन अंतिम रक्कम बघावी. मग बेळगावात खडेबाजार किंवा गणपत गल्लीतल्या दुकानात त्याच मॉडेलचा रोखीचा भाव विचारावा. पोहोच, बसवणी आणि जुना फ्रिज उचलून नेण्याचे धरून दुकानदार ४१-४२ हजारांत देत असेल, तर तिथेही हिशेब जुळतो.