इयरबड्समधला स्पेशियल ऑडिओ आणि हेड ट्रॅकिंग: खरं काय आणि दिखावा कुठला?

गेल्या दिवाळीत माझ्या मामेभावाने मला दोन इयरबड्सचे स्क्रीनशॉट पाठवले. कंपनी एकच, दिसायला जवळपास सारखेच, पण एकाच्या खोक्यावर '360 स्पेशियल ऑडिओ' लिहिलेलं आणि किंमत बाराशे रुपयांनी जास्त. "दादा, हे बाराशे द्यायचे का?" एवढाच त्याचा प्रश्न. असंच नाव वाचून मी स्वतः एकदा पैसे घालवलेत, त्यामुळे त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे बघू की आवाज कुठून येतोय हे आपल्याला कळतं कसं. समजा तुमच्या उजवीकडे कुकरची शिट्टी झाली. ती उजव्या कानाला आधी ऐकू येते आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंदांचा, पण मेंदू तो बरोबर पकडतो. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं, म्हणून डाव्या कानाला तीच शिट्टी थोडी हळू आणि बोथट ऐकू येते. तिसरी गोष्ट म्हणजे कानाच्या बाहेरच्या भागाची वळणं. आवाज वरून आला, समोरून आला की मागून आला, त्याप्रमाणे ही वळणं त्याचा पोत बदलतात. स्पेशियल ऑडिओ म्हणजे हे तिन्ही बदल सॉफ्टवेअरने आवाजात आधीच करून ठेवणं. मग कानात दोनच छोटे स्पीकर असले तरी आवाज खोलीतून आल्यासारखा वाटतो.

पण यात एक अडचण आहे. बरोबर समोरचा आवाज आणि बरोबर मागचा आवाज, दोन्ही आपल्या दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतात. मग फरक कळतो कसा? आपण नकळत मान हलवतो. मान डावीकडे 30 अंश वळवली, तर समोरचा आवाज उजव्या कानाला साधारण पाव मिलिसेकंद आधी पोचतो. तोच आवाज मागून येत असेल तर डाव्या कानाला आधी पोचतो. हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने मान हलवण्याचं हे महत्त्व 1940 मध्येच दाखवून दिलं होतं. साध्या इयरबड्समध्ये मात्र मान वळवली की सगळा आवाजही सोबत वळतो. खऱ्या जगात असं कधी होत नाही, त्यामुळे मेंदू आवाज बाहेर न ठेवता डोक्याच्या आत आणून बसवतो.

हेड ट्रॅकिंग नेमकं इथे कामाला येतं. बडमध्ये जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर असतात. मान किती वळली ते बड फोनला कळवतो, फोन नवीन हिशोब करून आवाज पाठवतो, आणि हिरोचा संवाद स्क्रीनच्या दिशेनेच येत राहतो. हे सगळं झटपट व्हायला हवं. उशीर झाला तर मान वळल्यावर आवाज मागून फरफटत आल्यासारखा वाटतो, आणि तसं वाटण्यापेक्षा ते बंद केलेलं बरं.

आता बाराशे रुपयांचा मुद्दा. नेहमीच्या ब्लूटूथवरून गाणी-सिनेमे ऐकताना फोनकडून बडकडे फक्त दोन चॅनल जातात, डावा आणि उजवा. सिनेमा 5.1 किंवा Dolby Atmos मध्ये असेल तर पाऊस मागे, हेलिकॉप्टर वर, संवाद समोर अशी वेगवेगळी माहिती मूळ फाइलमध्ये असते. हिशोब फोनमध्ये झाला तर ती सगळी माहिती वापरता येते, आणि मग तयार झालेले दोन चॅनल बडकडे जातात. पण बऱ्याच स्वस्त बड्समध्ये हिशोब बडच्याच चिपमध्ये होतो. तिथे पोचेपर्यंत पाऊस आणि हेलिकॉप्टर दोन चॅनलमध्ये मिसळून गेलेले असतात, आणि मिसळलेला चहा परत दूध आणि पाणी असा वेगळा होत नाही. मग चिप काय करते? थोडा प्रतिध्वनी घालते आणि आवाज पसरट करते. मी घेतलेले बड असेच होते. बटण दाबलं की गायिका रिकाम्या मंगल कार्यालयात उभी राहून गातेय असं वाटायचं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, बटण कुठे आहे ते बघा. आयफोनवर व्हॉल्यूमची पट्टी दाबून धरली की Off, Fixed आणि Head Tracked असे पर्याय येतात. एअरपॉड्स प्रोला ही सोय 2020 मध्ये मिळाली. तिथे Spatialize Stereo असं दिसलं तर समजायचं की मूळ आवाज साधा स्टिरिओ आहे आणि फोन तो फक्त पसरवून दाखवतोय. पिक्सेल फोनमध्ये बडच्या सेटिंगमध्ये Spatial audio आणि Head tracking अशी दोन वेगळी बटणं असतात. सॅमसंगचं 360 Audio सॅमसंगच्याच फोनसोबत चालतं. म्हणजे फोन आणि बड दोघांची जोडी जमावी लागते. बटण फक्त बडच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असेल आणि कुठल्याही फोनवर चालतं म्हणत असतील, तर बहुतेक वेळा तो वरचा मंगल कार्यालयाचा प्रकार असतो.

घरच्या घरी तपासता येतं. फोन समोर टेबलावर ठेवा, 5.1 किंवा Atmos लिहिलेला एखादा सिनेमा लावा, डोळे मिटा आणि मान हळूच डावीकडे वळवा. संवाद उजव्या कानाकडे सरकला पाहिजे आणि मान परत आणली की मधे आला पाहिजे. मग साधा बोलण्याचा पॉडकास्ट लावून बटण चालू-बंद करा. चालू केल्यावर माणूस बाथरूममधून बोलतोय असं वाटलं, तर प्रतिध्वनी घातलाय. एक काळजी घ्या: बटण चालू केल्यावर आवाज मोठा होत असेल तर आधी तो कमी करून सारखा करा, कारण जरा मोठा आवाज आपल्याला नेहमी छानच वाटतो.

चांगल्या बड्सचीही फजिती होते, ती प्रवासात. खंबाटकी घाटातून बसने जाताना मी सिनेमा बघत होतो. बस वळली की संवाद एका कानात जायचे आणि काही सेकंदांनी हळूहळू मधे यायचे. जायरोस्कोपला फक्त वळल्याचं कळतं. मान वळली की अख्खी बस, हे त्याला एकट्याला कळत नाही. अ‍ॅपलची पद्धत बडची हालचाल फोनच्या हालचालीशी ताडून बघते, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. बाकी ठिकाणी प्रवासात Head tracking बंदच ठेवा, नुसता स्पेशियल ऑडिओ चालेल.

गेममध्ये तर मी दोन्ही बंद करतो. पावलांचा आवाज डावीकडे की उजवीकडे हे गेमने स्वतःच ठरवून दिलेलं असतं. त्यावर बडने पुन्हा प्रतिध्वनी घातला की दिशा धूसर होते, आणि शत्रू मागून येऊन मारून जातो. गाण्यांचं म्हणाल तर Atmos मध्ये मिक्स केलेली काही गाणी खरंच मोकळी वाटतात, पण रस्त्याने चालताना प्रत्येक वळणावर गायक बाजूला सरकणं मला तरी सहन होत नाही.

मामेभावाच्या फोनच्या सेटिंगमध्ये त्या बडसाठी असा कुठलाच पर्याय नव्हता, बटण कंपनीच्या अ‍ॅपमध्ये होतं. तो ऐकतो काय, तर क्लासची लेक्चर्स आणि यूट्यूबवरची गाणी, म्हणजे सगळं स्टिरिओ. त्याने स्वस्तातले घेतले.