पाणी वाहतं करणारी एक बेरीज

1993 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘डूम’ या गेममध्ये काही भिंतींवरची चित्रं सतत डावीकडे सरकत असतात. भिंत जागची हलत नाही आणि चित्रही पुन्हा काढलं जात नाही. गेमचा सोर्स कोड 1997 मध्ये खुला झाला, तेव्हा या हालचालीमागची ओळ सगळ्यांना वाचता आली:

```
sides[line->sidenum[0]].textureoffset += FRACUNIT;
```

नकाशात ज्या रेषेला 48 हा क्रमांक दिलेला असतो, तिच्यासाठी ही ओळ सेकंदाला 35 वेळा चालते आणि दर वेळी एक पिक्सेल वाढवते. भिंतीवरच्या एखाद्या जागी चित्राचा कोणता भाग दिसावा, हे टेक्स्चर कोऑर्डिनेट ठरवतात. ही बेरीज त्या आकड्यांवर होते. आकडा वाढला की त्याच जागी चित्राचा आणखी उजवीकडचा भाग दिसू लागतो, म्हणून चित्र डावीकडे गेल्यासारखं वाटतं. वाढ एका दिशेला आणि हालचाल उलट दिशेला, हे ध्यानात आलं नाही तर पहिला सरकता पट्टा हमखास उलटा धावतो.

मात्र 48 क्रमांकाची रेषा चित्र फक्त आडवं सरकवते. त्यामुळे धबधब्याला तिचा उपयोग नव्हता. ‘डूम 2’ मधले रक्ताचे धबधबे म्हणजे आळीपाळीने दाखवलेली चार चित्रं आहेत. त्यात स्मृती चौपट लागते आणि तरीही पाणी ठेचकाळत पडतं. 1998 च्या ‘बूम’ या सुधारित इंजिनात भिंतीचं चित्र उभंही सरकवता येऊ लागलं, जमिनीचंही सरकू लागलं आणि त्या जमिनीवरच्या वस्तूही सोबत वाहून जाऊ लागल्या. माझ्या मते सरकत्या पट्ट्याचं खरं मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. पट्ट्यावर चित्र दर 2 मीटरला पुन्हा येत असेल आणि खोकं सेकंदाला 1 मीटर जात असेल, तर कोऑर्डिनेट सेकंदाला बरोबर 0.5 नेच बदलायला हवा. थोडा जरी फरक पडला तरी खोकं पट्ट्यावर घसरताना दिसतं.

1999 च्या ‘क्वेक 3’ मध्ये हे काम नकाशातल्या क्रमांकाकडून शेडर नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीकडे आलं. धबधब्यासाठी चित्रकाराने एवढंच लिहायचं:

```
tcMod scroll 0 0.5
```

पहिला आकडा आडव्या वेगाचा, दुसरा उभ्या वेगाचा. यामागच्या कोडमध्ये वेग आणि वेळ यांचा गुणाकार होतो आणि लगेच त्यातला पूर्णांक वजा करून फक्त अपूर्णांक ठेवला जातो. चित्र दर 1 ला पुन्हा सुरू होत असल्याने 7.3 आणि 0.3 दिसायला सारखेच. मग ही वजाबाकी कशासाठी?

याचं उत्तर आजच्या मोबाइलवर डोळ्यांना दिसतं. तिथे शेडरमधले आकडे बऱ्याचदा 16 बिटांचे असतात आणि अशा आकड्यात जेमतेम 11 बिटांची अचूकता मिळते. आकडा मोठा होत गेला की दोन शेजारच्या किमतींमधलं अंतरही वाढतं. 256 पिक्सेल उंचीचं चित्र 0.5 च्या वेगाने सोडलं, तर 16 सेकंदांनी कोऑर्डिनेट 8 वर पोहोचतो. तिथे सर्वांत लहान पाऊल 1/128, म्हणजे दोन पिक्सेलचं असतं आणि पाणी खडबडीत दिसू लागतं. दोन मिनिटं उलटल्यावर, 64 च्या पुढे, पाऊल 16 पिक्सेलचं होतं. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर धबधबा सात-आठ फ्रेम थिजतो आणि मग एकदम उडी मारतो. खेळ सुरू करताना ठीक असलेलं पाणी थोड्या वेळाने अडखळू लागलं, की दोष बहुधा इथेच असतो. अशा वेळी शेडरमध्ये `fract(u_time * 0.5)` लिहून भागत नाही, कारण `u_time` तिथे पोहोचेपर्यंतच भरड झालेला असतो. अपूर्णांक आधी सीपीयूवर, जास्त अचूक आकड्यांत काढावा आणि मगच शेडरकडे पाठवावा.

‘डूम’ला हा त्रास झाला नाही. त्याचे आकडे स्थिर दशांशाचे होते, म्हणजे 32 बिटांपैकी निम्मे पूर्णांकाला आणि निम्मे अपूर्णांकाला. सुमारे साडेपंधरा मिनिटांनी पूर्णांकाची जागा भरून आकडा ऋण होतो, पण चित्रांची रुंदी दोनच्या घातात धरलेली असल्याने फक्त खालचे बिट वापरले जातात आणि चित्र सलगच राहतं.

एका बेरजेतून एकच दिशा मिळते, त्यामुळे खडकाला वळसा घालणारी नदी तिच्याने होत नाही. प्रत्येक जागेला वेगळी दिशा दिली, तर थोड्याच वेळात चित्र ताणून फाटल्यासारखं होतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅलेक्स व्लाकोस यांनी ‘लेफ्ट 4 डेड 2’ आणि ‘पोर्टल 2’ मध्ये वापरलेला उपाय 2010 मध्ये सिग्राफ परिषदेत मांडला. त्यात प्रवाहाच्या दिशा एका वेगळ्या चित्रात रंगवतात आणि पाण्याचं टेक्स्चर अर्ध्या चक्राच्या अंतराने दोनदा सरकवतात. एक थर ताणला जाऊन शून्यावर परत येतो त्या क्षणी तो पूर्ण फिका केलेला असतो आणि दुसरा पूर्ण दिसत असतो.