एक्स-रे मशीनवरचा 'kV' हा आकडा काय सांगतो?

हाताचा एक्स-रे काढताना मशीनच्या पॅनेलवर 55 kV दिसतो आणि छातीच्या एक्स-रेला 110 kV. kV म्हणजे किलोव्होल्ट, म्हणजेच हजार व्होल्ट. "डॉक्टर, छातीला दुप्पट रेडिएशन दिलं का?" असा प्रश्न यावरून रुग्ण विचारतात. उत्तर आहे: नाही. हा आकडा किरणांची ताकद ठरवतो. किरण किती निघाले हे केवळ त्यावरून कळत नाही.

ट्यूबमध्ये काय घडते?

तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात. व्होल्टेज त्यांना वेगाने ओढून टंगस्टन धातूच्या चकतीवर आदळवते. त्यांची सुमारे 99 टक्के ऊर्जा उष्णतेत जाते आणि जेमतेम 1 टक्क्याचे एक्स-रे बनतात. ते दोन प्रकारे तयार होतात.

1. ब्रेक लागून निघणारे किरण (ब्रेम्सस्ट्रालुंग): अणूच्या केंद्रकाजवळून जाताना इलेक्ट्रॉनला ब्रेक लागतो आणि गेलेली ऊर्जा किरण म्हणून बाहेर पडते. कुणाला थोडा ब्रेक लागतो, कुणाला जास्त. म्हणून हे किरण लहान-मोठ्या सर्व ऊर्जांचे असतात. एखादा इलेक्ट्रॉन एकदम थांबला, तरी जवळ असलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त देऊ शकत नाही. म्हणून 55 kV ला कमाल ऊर्जा 55 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, 110 kV ला 110. बहुतेक किरण याहून बरेच कमी ऊर्जेचे असतात.

2. धातूचे स्वतःचे ठरावीक किरण: आदळणारा इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो. ती जागा बाहेरचा इलेक्ट्रॉन भरतो, तेव्हा साधारण 59 किंवा 67 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण निघतात. त्यासाठी किमान 69.5 kV लागतात. म्हणून हाताच्या एक्स-रेत हे किरण नसतात, छातीच्या एक्स-रेत असतात.

जास्त kV कशासाठी?

कमी ऊर्जेचे किरण त्वचेतच शोषले जातात, चित्राला उपयोगी पडत नाहीत. त्यांना अडवायला ट्यूबसमोर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. 110 kV चे किरण छातीतून सहज पार होतात, त्यामुळे टेक्निशियन mAs, म्हणजे किरणांचे प्रमाण, कमी ठेवू शकतो. शिवाय बरगड्या फिकट दिसतात आणि त्यांच्यामागचे फुफ्फुस नीट तपासता येते.

गडबड कुठे होते?

पॅनेलवर 110 दिसते, पण ट्यूबला प्रत्यक्षात कमी व्होल्टेज मिळत असेल, तर प्लेटपर्यंत पुरेसे किरण पोचत नाहीत. चित्र दाणेदार येते, एक्स-रे पुन्हा काढावा लागतो आणि रेडिएशनही पुन्हा मिळते. म्हणूनच मशीनच्या गुणवत्ता चाचणीत खरा kV मोजला जातो. वाशी खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ (एईआरबी) या मशीनना परवाना देते. तुमच्या सेंटरकडे तो आहे का, हे तुम्ही जरूर विचारू शकता.