कामावर जाणाऱ्या आईचा अपराधी भाव नेमका येतो कुठून? यवतमाळच्या 'अपडाऊन'चा हिशोब

सकाळी नऊच्या सुमारास यवतमाळच्या बसस्थानकावर किंवा दारव्हा, आर्णी, कळंब रोडच्या थांब्यावर उभं राहिलात, तर खांद्याला पर्स आणि हातात डब्याची पिशवी घेतलेल्या बायका दिसतील. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, कुणी बँकेत, कुणी तहसील कार्यालयात. या रोजच्या जाण्यायेण्याला इकडे एकच शब्द आहे, अपडाऊन.

यातल्या ज्यांची मुलं लहान आहेत, त्यांच्या डोक्यात बसमध्ये साधारण एकच विचार असतो. सकाळी पोराला झोपेतून उठवून घाईघाईत दूध पाजलं, नीट बोललेही नाही. संध्याकाळी परतताना उलटं होतं. आज केंद्रप्रमुखांनी मागितलेली माहिती अर्धवट राहिली, सगळे थांबले आणि मी बस पकडायला निघाले. म्हणजे शाळेत असताना घराचं ओझं, घरी असताना शाळेचं. दोन्हीकडे आपण कमीच पडतोय, या भावनेला इंग्रजीत 'मॉम गिल्ट' म्हणतात. इन्स्टावर त्यावर रील्सचा पाऊस आहे. पण ही भावना तयार कशी होते आणि कमी कशी करता येते, हे तिथे क्वचितच सांगितलं जातं.

आधी मोजपट्टी कुठली ते बघू

एक गोष्ट आपण विसरतो. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा आहे आणि इथल्या आया पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर काम करत आल्या आहेत. निंदण असो की कापसाची वेचणी, हे काम मुख्यतः बायकांच्याच हातचं. लेकरू वावराच्या धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या झोळीत, नाहीतर घरी आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर. ते आयुष्य सोपं होतं असं अजिबात नाही, त्या मोठ्या बहिणीची शाळा त्यातच बुडायची. पण आई कामाला गेली म्हणून ती 'कमी आई' आहे, असं कुणी म्हणत नव्हतं. मूल वाढवणं हे एका बाईचं नाही, अख्ख्या घराचं काम होतं.

आज आपण जी मोजपट्टी लावतो, ती वेगळी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ शेरॉन हेज यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात तिचं नेमकं वर्णन केलं. मुलाची मुख्य जबाबदारी आईचीच, तिने तज्ज्ञांच्या सल्ल्याने, भरपूर वेळ, पैसा आणि भावना ओतून मूल वाढवायचं, अशी ती अपेक्षा. हेज यांचं निरीक्षण असं की बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, त्याच काळात ही अपेक्षा कमी न होता वाढली. आपल्याकडेही तेच झालं. सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का चार-चार पोरं वाढवली?" त्यांचं खोटं नाही. पण त्या पोरांचा रोज प्रोजेक्ट नव्हता, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता आणि घरात हात जास्त होते. सूनबाईकडे जुन्या घराचं काम आलं, नव्या पालकत्वाचं आलं आणि नोकरीही आली. फक्त ते हात आले नाहीत.

आता दिवस मोजू

समजा, एक शिक्षिका यवतमाळ शहरात राहते आणि दारव्हा तालुक्यातल्या गावात शिकवते. (मुख्यालयी राहण्याची अट, घरभाडे भत्ता हा वाद वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही.) मूल चार वर्षांचं. ती पाचला उठते, रात्री साडेदहाला झोपते. म्हणजे जागेपणीचे साडेसतरा तास. नऊला घर सोडते, साडेसहाला परतते. साडेनऊ तास गेले, उरले आठ.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रीचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला, म्हणजे जवळपास पाच तास. यात नोकरी न करणाऱ्या बायकाही आल्या, हे लक्षात ठेवा. तरी आपल्या शिक्षिकेकडून घरात तेवढ्याच कामाची अपेक्षा असेल, तर आठातून पाच गेले, उरले तीन. स्वतःची अंघोळ आणि जेवण यांना एक तास धरा. उरले दोन. या दोन तासांत मुलाचा अभ्यास, गोष्ट, खेळ, सासऱ्यांचं औषध, नवऱ्याशी बोलणं आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, एवढं सगळं बसवायचं.

ते बसत नाही. तिचं वेळेचं नियोजन वाईट आहे म्हणून नव्हे, तर बेरीजच जुळत नाही म्हणून. त्याच सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळ ८८ मिनिटं आहे, आणि मुळात त्या दिवशी घरकाम केलं असे पुरुष साधारण चारात एक. न जुळणाऱ्या बेरजेचं उत्तर तिथे आहे, पण आपण ते आईच्या स्वभावात शोधत बसतो.

खरी चूक आणि खोटा अपराधी भाव कसा ओळखायचा?

प्रत्येक वेळी 'टेन्शन नको घेऊस' म्हणणंही बरोबर नाही. कधीकधी ही भावना खरंच काही सांगत असते. ओळखण्याची एक साधी खूण आहे. खऱ्या चुकीला नेमका पत्ता असतो. लसीची तारीख चुकली, तर लस दिली की मन शांत होतं. खोटा अपराधी भाव मात्र जागा बदलतो. आज डब्यात ताजी भाजी दिली, तर उद्या अभ्यासाचं वाटतं. अभ्यास घेतला, तर 'मी चिडून घेतला' असं वाटतं. रविवारी पूर्ण दिवस दिला, तर घर पसरलं म्हणून वाटतं. काहीही केलं तरी तो मिटत नसेल, तर दोष कामात नाही, मोजपट्टीत आहे.

दुसरी खूण मुलाकडे बघून मिळते. सकाळी निघताना मूल रडतं, तो आवाज बसमध्ये कानात राहतो. अशा वेळी आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंना एकच प्रश्न विचारा. मी गेल्यावर किती वेळ रडला? बहुतेक मुलं काही मिनिटांत खेळायला लागतात. ते निरोपाचं रडणं. पण मूल दिवसभर गप्प राहत असेल, खाणं-झोप बिघडली असेल, आठवडे गेले तरी तिथे रुळत नसेल, तर ती बघण्यासारखी गोष्ट आहे, आणि बघायचं ते सांभाळणारं माणूस आणि जागा, आईची नोकरी नव्हे.

यावर मोठा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत १९९१ पासून १,३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. फक्त आईने सांभाळलेली मुलं आणि इतरांनीही सांभाळलेली मुलं यांच्या वाढीत एकूण मोठा फरक दिसला नाही. घरचं वातावरण आणि आईचा मुलाला मिळणारा प्रतिसाद जास्त महत्त्वाचा ठरला. पाळणाघरात फार जास्त तास घालवलेल्या काही मुलांत हट्टीपणा, आक्रमकता किंचित जास्त आढळली, हेही त्याच अभ्यासात आहे. अर्थात तो अमेरिकेतला. आपल्याकडची आजी-आजोबांची व्यवस्था त्यात जशीच्या तशी बसत नाही.

नुकसान होतं ते भरपाईमुळे

अपराधी भावाने मुलाचं खरं नुकसान होतं, ते आईच्या गैरहजेरीपेक्षा तिच्या भरपाईमुळे. साडेसहाला दारातच कुरकुऱ्यांचं पाकीट. 'दिवसभर नव्हते ना' म्हणून हातात मोबाइल. 'नाही' म्हणायची हिंमतच नाही. चार वर्षांच्या मुलाला हे गणित लवकर कळतं आणि मग ते रोज त्याच जागी बोट दाबतं.

तीच गोष्ट सकाळी मागच्या दाराने गुपचूप निघण्याची. रडू नये म्हणून आपण सटकतो, पण आई कधीही न सांगता गायब होऊ शकते, हे मूल शिकतं आणि मग ते दिवसभर चिकटून राहतं. त्यापेक्षा रोज तेच दोन शब्द, एक पापी आणि 'दिवेलागणीला येते' असं सांगून सरळ निघणं चांगलं. रडलं तरी. संध्याकाळी आल्यावर पहिली वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून फक्त त्याच्याजवळ बसणं हे रविवारच्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा जास्त उपयोगाचं, कारण ते रोज जमतं.

मोजपट्टी सैल करायची म्हणजे काय करायचं?

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकात 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. तान्ह्या बाळाच्या हाकेला आई जवळजवळ लगेच धावते. मूल मोठं होतं तशी ती थोडी थोडी उशिरा येते, काही वेळा चुकते. त्यांच्या मते ही हळूहळू होणारी कमतरता मुलाला सोसण्याइतकी असेल, तर त्यातूनच ते जग समजून घेतं. हे सोशल मीडियावर 'चालतंय गं' असं होऊन येतं, पण मुद्दा तेवढा ढिला नाही. उपाशी किंवा असुरक्षित राहिलेलं मूल यात बसत नाही.

घरात हे आणायचं, तर 'पुरेसं' म्हणजे किती ते कामाआधी ठरवा, नंतर नाही. रात्री वरण-भात आणि एक भाजी, हे ठरलं. मग रात्री आठला 'पोळ्या राहिल्या' ही चूक ठरत नाही. शाळेचा प्रोजेक्ट मुलाच्या हाताने, वाकडा झाला तरी, हेही ठरलं.

आणि काम वाटताना ते मुळासकट द्या. नवऱ्याने डबा भरणं ही मदत. उद्या डब्यात काय, ते घरात आहे का, डबा घासलाय का, हे सगळं त्यानेच लक्षात ठेवणं ही जबाबदारी. नुसती मदत मिळाली तर हात मोकळे होतात, डोकं नाही. सुरुवातीला डबा विसरेल, भाजी खारट होईल. तिथे मध्ये पडलात, तर काम परत तुमच्याकडे येणार, हे नक्की. आपल्या शिक्षिकेच्या घरी सकाळचा डबा आणि मुलाची तयारी नवऱ्याकडे आणि पोळ्या करायला एक बाई, एवढं झालं तरी रोजचा दीड तास सुटतो. दोनाचे साडेतीन होतात. पोळ्यांच्या बाईलाही घरी लेकरं असतात, तिचा हिशोब याहून कठीण आहे.

काही भाग मात्र घरात सुटणारच नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण जिल्ह्यातली दुकानं, पतसंस्था, लहान खासगी शाळा या आकड्याच्या खालीच राहतात. सरकारी सेवेत असाल तर राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयाप्रमाणे संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते, मंजुरी लागते. मुलाच्या आजारपणासाठी किंवा परीक्षेसाठी ती मागण्यात कसली लाज नाही, ती त्यासाठीच आहे.

शेवटचा मुद्दा, विशेषतः बाळ वर्षाच्या आतलं असेल तर. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटतंय, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, आपण नसलो तर बरं असे विचार येतात, तर हा अपराधी भाव नाही. हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतून बोलता येतं. आपण नसावं असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.